लाल पडद्याची दोनशे वर्षे

नोव्हेंबरातली अमावास्या. गावाच्या दिव्यांपासून लांब, माळावर सतरंज्या टाकून वीसेक माणसे बसली आहेत. अंधार पडून पाऊण तास झाला आहे. भाद्रपदाचा चौकोन डोक्यावर आला आहे. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून दोन तारे पुढे जायचे, तिथून काटकोनात वळून दोन फिके तारे ओलांडायचे, की नजर जरा तिरकी केल्यावर धुरकट, लांबट ठिपका दिसतो. ही देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश पंचवीस लाख वर्षे प्रवास करून इथे पोचतो. ज्यांना ती दिसली ते गप्प होतात, ज्यांना अजून दिसलेली नाही ते शेजाऱ्याच्या बोटाच्या रोखाने बघत राहतात.

इतक्यात कोणाचा तरी फोन उजळतो. त्याने नक्षत्रांच्या अ‍ॅपमध्ये लाल मोड लावलेला असतो, चूक त्याची नसते. वरून एक निरोप येतो आणि पांढऱ्या पट्टीसकट पडद्यावर उतरतो. दोन सेकंदांचा प्रकार. पण आसपासच्या पाच-सहा जणांना देवयानी पुन्हा तशी दिसायला कित्येक मिनिटे जातात.

लाल प्रकाशाने अंधारातली नजर टिकते, हे आकाश बघणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेले असते. का टिकते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्यामुळेच हातातल्या फोनचा ‘लाल मोड’ खरा आहे की नुसता तांबूस, हे आपल्याला ओळखता येत नाही. या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती आले आहे. फोन बनवणाऱ्यांनी ते अर्धेच वापरले आहे, अशी माझी तक्रार आहे.

तिन्हीसांजेला अंगणातल्या जास्वंदीकडे पाहा. भर दिवसा पानांपेक्षा ठसठशीत दिसणारे फूल उजेड कमी होता होता काळपट होते आणि पाने मात्र फिकट राखाडी दिसत राहतात. बोहेमियाचा शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने अंधुक उजेडात लाल रंग आधी मावळतो आणि निळा टिकून राहतो, हे निरीक्षण १८२५ साली नोंदवले. कारण त्याला सांगता आले नाही. ते १८६६ मध्ये जर्मनीच्या माक्स शुल्ट्झे याच्या कामातून उलगडू लागले. घुबडासारख्या निशाचरांच्या दृष्टिपटलात एका प्रकारच्या पेशींची गर्दी असते आणि दिवसा हिंडणाऱ्या प्राण्यांत दुसऱ्या प्रकारच्या पेशीही भरपूर असतात, हे पाहून त्याने मांडले की डोळ्यात दोन यंत्रणा नांदतात. उजेडासाठी आणि रंगांसाठी शंकुपेशी, अंधारासाठी दंडपेशी. दहा वर्षांनी, १८७६ मध्ये, फ्रान्ट्स बोल याला बेडकाच्या दृष्टिपटलातला तांबूस रंग उजेडात विटतो आणि अंधारात परत येतो असे दिसले. हाच दंडपेशींमधला रंगद्रव्याचा साठा, म्हणजे ऱ्होडॉप्सिन. उजेडाने तो खर्ची पडतो आणि पुन्हा भरायला वेळ घेतो. माळावर बसून आपण जो अर्धा-पाऊण तास घालवतो, त्यातला बराचसा वेळ हा साठा भरण्यात जातो.

आता आकड्यांकडे वळू, कारण सगळे मर्म त्यांतच आहे. दंडपेशींना सर्वांत जास्त दिसतो तो ५०७ नॅनोमीटर तरंगलांबीचा, निळसर हिरवा प्रकाश. त्या ठिकाणची त्यांची संवेदना १०० धरली, तर ५३० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला ती ८१ असते आणि ४६० नॅनोमीटरच्या निळ्याला ५७. पण ६२० नॅनोमीटरच्या लालपाशी ती एकाच्याही खाली जाते, अवघी ०.७. शंकुपेशींचे तसे नाही. त्यांची कमाल संवेदना ५५५ नॅनोमीटरला असते आणि ६२० नॅनोमीटरच्या लालपाशीही तिच्यातले ३८ टक्के शिल्लक असतात. म्हणजे एकाच लाल प्रकाशात शंकुपेशींना अक्षरे वाचता येतात आणि दंडपेशींना तो प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. जुन्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये लाल दिवा जळत असे आणि कागद खराब होत नसे, कारण त्या कागदावरचा लेप लाल प्रकाशाला आंधळा होता. माळावर आपण तेच करतो. फरक इतकाच, की इथला लेप आपल्या डोळ्यात आहे.

ज्यांना अंधारात बघायचे आणि हातातले कामही करायचे, त्या प्रत्येकाला पुढे हाच उपाय सापडत गेला. क्ष-किरणांच्या सुरुवातीच्या काळात डॉक्टरांना चमकणाऱ्या मंद पडद्यावर रुग्णाची छाती बघावी लागे आणि त्यासाठी आधी अंधाऱ्या खोलीत बसून राहावे लागे. १९१६ मध्ये विल्हेल्म ट्रेन्डेलेनबुर्ग याने त्यांच्यासाठी लाल काचांचा चष्मा सुचवला. तो लावून डॉक्टर उजेडात वावरू शकत आणि त्यांच्या दंडपेशी मात्र अंधारातच राहत. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी हाच चष्मा रात्रीच्या वैमानिकांसाठी पुढे आणला. रात्री पेरिस्कोप वर काढायचा असेल तेव्हा पाणबुडीत आधी लाल दिवे लागत.

मग एकेक जण या वाटेवरून बाजूला झाला. क्ष-किरणांची प्रतिमा उजळ करणारी नळी आली आणि डॉक्टरांना अंधारात बसण्याची गरज उरली नाही. रात्री बघण्याच्या दुर्बिणी आल्या. त्या लाल प्रकाशालाच सर्वांत संवेदनशील निघाल्या, म्हणून विमानांच्या कॉकपिटमध्ये निळसर हिरवे दिवे आले. अमेरिकेच्या नौदलाने पाणबुड्यांमध्येही लालऐवजी अगदी मंद पांढरा प्रकाश स्वीकारला, कारण लाल प्रकाशात नकाशावरचे रंग कळत नाहीत आणि तासन्‌तास वाचून डोळे थकतात. लाल प्रकाशाची गरज मनापासून बाळगणारे शेवटी उरले ते हौशी आकाश निरीक्षक. ज्या दंडपेशीसाठी हा सगळा खटाटोप झाला, तिच्यावाचून ज्यांचे काहीच चालत नाही, असे तेच.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे. टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी करून रबरबँडने बांधायचा आणि तो नकाशावर धरायचा, ही युक्ती महाराष्ट्रातल्या कितीतरी माळांवर एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिली. त्या युक्तीत एक गोष्ट आपोआप साधली जात असे. नकाशा कागदाचा होता. त्याला स्वतःचा उजेड नव्हता. टॉर्च बाजूला केली की नकाशा अंधारात जात असे. या शतकात नकाशाच दिवा झाला. फोन आणि लॅपटॉप यांनी हातात फार मोठी सोय आणून दिली, आणि तिच्याबरोबर पांढऱ्या उजेडाचा एक सबंध चौकोनही आणून दिला.

तो चौकोन किती उजळ असतो? खरोखर काळोख्या ठिकाणी आकाशाची स्वतःची उजळता साधारण ०.०००१७ कँडेला प्रति चौरस मीटर असते. फोनची उजळता अगदी तळाला नेली तरी पांढरे पान सुमारे २ कँडेलाचे राहते. म्हणजे ‘सर्वांत कमी’ केलेला फोनही आकाशाच्या बारा हजार पट उजळ असतो. यावर फोनवाल्यांनी दिलेले उत्तर म्हणजे रात्रीचा तांबूस मोड. आयफोनमध्ये तो Night Shift या नावाने २०१६ मध्ये आला, इतरांनीही आणला. पण त्याचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला आहे. झोपेची वेळ ठरवणाऱ्या पेशी डोळ्यात वेगळ्या असतात, त्यांना ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश लागतो, हे या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाले. त्यामुळे झोप सांभाळायची तर निळा कमी करायचा, हे सूत्र ठरले. हिरव्याला फारसा हात लागला नाही.

आकाश बघणाऱ्याचे नुकसान नेमके तिथे होते. पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाच्या उजळतेत लालचा वाटा सुमारे २१ टक्के, निळ्याचा ७ आणि हिरव्याचा ७२ असतो. दंडपेशींना तर हिरवा जवळजवळ पूर्ण दिसतो. निळा काढून टाकलेले पिवळसर नारिंगी पान डोळ्याला उबदार वाटते, मंदही वाटते, पण ऱ्होडॉप्सिनचा साठा ते तरीही बऱ्याच वेगाने संपवते. झोपेसाठी केलेली सोय आकाश बघायला चालेल असे समजणे, ही आजची सर्वांत पसरलेली चूक आहे.

दुसरी चूक अधिक लपलेली आहे. बरीच अ‍ॅप पडद्यावर लाल रंगाचा अर्धपारदर्शक थर चढवतात. दिसायला सगळे लाल होते. पण थर चढवणे म्हणजे मिसळणे. निम्म्या दाटीचा लाल थर पांढऱ्या पानावर घातला, तर लाल पूर्ण राहतो आणि हिरव्या-निळ्याची किंमत निम्मी होते, शून्य होत नाही. आणि जिथे पडदा काळा होता, तिथे मात्र निम्मा लाल उगवतो. म्हणजे जे जायला हवे होते ते राहिले, आणि जिथे उजेडच नव्हता तिथे तो आला. शिवाय असा थर कित्येकदा वरची सूचनांची पट्टी, लॉक स्क्रीन, येणारा फोन आणि कीबोर्ड यांच्यापर्यंत पोचत नाही. नक्षत्रांच्या अ‍ॅपमधला लाल मोडही त्या अ‍ॅपपुरताच असतो. सुरुवातीला सांगितलेली पांढरी पट्टी तिथूनच येते.

खरा लाल मोड कसा हवा, ते तीन ओळींत मांडता येते. पडद्याला पाठवायच्या प्रत्येक बिंदूवर शेवटच्या पायरीला हा हिशेब व्हायला हवा:

```
R' = 0.21*R + 0.72*G + 0.07*B
G' = 0
B' = 0
```

पहिली ओळ का हवी, ते सांगतो. हिरवा आणि निळा नुसते बंद केले तर काळ्यावरची निळी अक्षरे किंवा नकाशावरच्या हिरव्या रेषा साफ नाहीशा होतात. जुन्या काळी लाल टॉर्चच्या उजेडात लाल शाईच्या रेषा कागदात विरून जात, त्याचीच ही दुसरी बाजू. म्हणून आधी सगळे चित्र राखाडी करायचे, प्रत्येक रंगाची उजळता जपायची, आणि मग ती एकट्या लाल वाहिनीत घालायची. दुसरी आणि तिसरी ओळ ऱ्होडॉप्सिन वाचवते. हा हिशेब अ‍ॅपने न करता फोनच्या मूळ व्यवस्थेने केला, तर सूचना, कॉल, कीबोर्ड असे सगळेच त्याच्या चाळणीतून जाते.

आयफोनमध्ये याच्या जवळ जाणारी सोय आहे, पण ती आकाशासाठी केलेली नाही. Settings मध्ये Accessibility, तिथे Display & Text Size, तिथे Color Filters सुरू करून Color Tint निवडायचे. मग Intensity पूर्ण वाढवायची आणि Hue लाल टोकाला न्यायचा. ज्यांच्या डोळ्यांना विशिष्ट रंगांचा त्रास होतो अशांसाठी ठेवलेली ही सोय निरीक्षकांनी उसनी घेतली आहे. Accessibility Shortcut मध्ये ती जोडली की बाजूचे बटण तीनदा दाबून पूर्ण पडदा लाल करता येतो. अँड्रॉइड फोनमध्ये अशी सोय सरसकट मिळत नाही. संगणकावरच्या Stellarium मध्ये Ctrl+N दाबल्यावर आकाशाचा नकाशा लाल होतो, मात्र त्या खिडकीबाहेरचे सगळे जसेच्या तसे राहते.

लॅपटॉपमध्ये आणखी एक अडचण आहे, आणि ती कोणत्याही मोडने सुटत नाही. एलसीडी पडद्यामागे पांढरा दिवा सतत चालू असतो, समोरचे बिंदू फक्त त्याची वाट अडवतात. अडवणूक पूर्ण होत नाही. हजारास एक असा फरक असलेल्या पडद्याचे पांढरे १०० कँडेलाचे असेल, तर त्याचे काळे ०.१ कँडेलाचे असते. म्हणजे काळाकुट्ट वाटणारा पडदा आकाशाच्या जवळपास सहाशे पट उजळ. आणि हा झिरपणारा उजेड लाल नसतो, मागच्या दिव्याचा पांढरा असतो, मोड कोणताही लावा. ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः पेटतो आणि काळा बिंदू विझलेलाच असतो, म्हणून त्याला हा दोष नाही. एलसीडीवर मात्र पुन्हा जुनीच युक्ती लागते. पडद्यावर गडद लाल जिलेटिनचे किंवा लाल अ‍ॅक्रिलिकचे पान बसवायचे. झिरपलेल्या पांढऱ्यातला हिरवा-निळा त्या पानात अडकतो.

आपला फोन कुठे बसतो, ते घरीच तपासता येते. खोलीत पूर्ण अंधार करून लाल मोड लावा, काळ्या पडद्यावर एक बारीक पांढरी रेघ येईल असे चित्र उघडा आणि तिचे प्रतिबिंब जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूत तिरपे पाहा. सीडीवरच्या सूक्ष्म चऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे करतात. नुसता लाल पट्टा दिसला तर ठीक. त्याच्या शेजारी हिरवी किंवा निळी झाक दिसली, तर तो मोड अपुरा आहे.

शेवटचा निवाडा मात्र आकाशाखालीच होतो. माळावर अर्धा तास अंधारात बसा. मग एक डोळा तळहाताने नीट झाका आणि दुसऱ्याने मिनिटभर फोनवरचा नकाशा वाचा. फोन उलटा ठेवा आणि आळीपाळीने एकेका डोळ्याने, नजर किंचित बाजूला ठेवून, देवयानीकडे पाहा. बाजूला अशासाठी, की नजरेच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच. झाकलेल्या डोळ्याला ती बोटभर लांबट धुके दिसेल. वाचलेल्या डोळ्याला तेवढीच लांब दिसली तर तुमचा पडदा योग्य आहे. नुसता मधला गोळा दिसला आणि कडा गेल्या, तर पडदा अजून उजळ आहे किंवा पुरेसा लाल नाही. फिक्या कडा सर्वांत आधी जातात, म्हणून मोजमाप त्यांच्यावरून करायचे.

लालला मर्यादा आहेत, त्या नाकारून चालणार नाही. दंडपेशी लालला जवळजवळ आंधळ्या आहेत, पूर्ण नाहीत. फोनचा लालही एकाच तरंगलांबीचा नसतो, त्यात नारिंगीकडचा थोडा भाग येतोच. त्यामुळे भडक लाल पडदा मिनिटभर पाहिला तर साठा त्यानेही कमी होतो. रंग बदलला म्हणून उजळता वाढवण्याची मोकळीक मिळत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना लाल अक्षरे जवळून वाचणे जड जाते, कारण लाल प्रकाश डोळ्यात थोडा मागे केंद्रित होतो आणि त्यासाठी भिंगाला जो जास्त जोर लावावा लागतो तो या वयात लागत नाही. त्यांनी उजळता न वाढवता अक्षरे मोठी करावीत आणि वाचनाचा चष्मा बरोबर ठेवावा. ताऱ्यांचे रंग दाखवणारा नकाशा लाल मोडमध्ये मुका होतो, म्हणून रोहिणी तांबूस आणि स्वाती नारिंगी हे आधीच वाचून यावे. आणि कागदी नकाशावर मंद लाल टॉर्च हा मार्ग आजही कोणत्याही पडद्याइतकाच चांगला आहे.

तरीही माझी मागणी फोन आणि त्यांची मूळ व्यवस्था बनवणाऱ्यांकडेच आहे, कारण त्यांना हे जमते, हे त्यांनी दाखवून दिले आहे. २०२२ मध्ये आलेल्या अ‍ॅपल वॉच अल्ट्राच्या एका तबकडीला लाल रात्र मोड आहे. २०२३ पासून उशाशी आडवा ठेवलेला आयफोन अंधाऱ्या खोलीत घड्याळ लाल करून दाखवतो. अंधारात लाल हवा, हे त्यांना ठाऊक आहे. पण ते ज्ञान घड्याळाच्या आकड्यांपाशी थांबले आहे. तोच लाल सगळ्या पडद्यावर, अ‍ॅपच्या वर, कॉलपासून कीबोर्डपर्यंत लागू व्हायला हवा. तो एका बटणावर असावा. त्यात हिरवा आणि निळा शून्य असावा. आणि त्या मोडमध्ये उजळतेची खालची मर्यादा आजच्या कितीतरी पट खाली न्यावी. या चार गोष्टींपैकी एकीलाही नवा शोध लागत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. तिथे बाहेरचे दिवे झाकले गेले, त्यांची तोंडे जमिनीकडे वळवली गेली. इतक्या कष्टाने राखलेल्या अंधारात माणूस येतो आणि खिशातून बारा हजार पट उजळ चौकोन काढतो. रस्त्यावरचा दिवा झाकायला ग्रामपंचायत लागते, वनखाते लागते. हा दिवा झाकायला वर लिहिलेल्या तीन ओळी पुरतात, त्या योग्य जागी लिहिल्या गेल्या तर. तोवर टॉर्चला बांधायचा लाल जिलेटिन कागद पिशवीत असू द्यावा, आणि माळावर पोचल्याबरोबर फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, म्हणजे निदान वरून उतरणारी ती पांढरी पट्टी तरी थांबेल.